तुटलेली तार आणि दोन नोंदवह्या

नाशिकरोड स्थानकाच्या आरक्षण खिडकीपुढे उभा असलेला प्रवासी आपल्याला मिळणारा बर्थ कोणाच्या दप्तरातून निघतो याचा विचार आज करीत नाही. परंतु संगणक येण्यापूर्वी तो विचार त्याला करावाच लागे, कारण त्या काळी लांब पल्ल्याच्या गाडीतील जागा मार्गावरच्या स्थानकांना वाटून दिलेल्या असत, आणि स्थानकाच्या वाट्याला आलेल्या जागांची, म्हणजे रेल्वेच्या भाषेत त्याच्या कोट्याची, स्वतंत्र नोंदवही तेथील आरक्षण कारकुनाच्या हाताखाली असे. त्या वहीत जागा शिल्लक असेतो कारकून कोणालाही न विचारता तिकीट देई. त्या संपल्या, म्हणजे मुंबईच्या वहीत दहा बर्थ रिकामे असले तरी नाशिककराला त्यांचा उपयोग नसे. परतीच्या प्रवासाची जागा हवी असल्यास परगावच्या स्थानकाला तार करून विचारावे लागे आणि उत्तराची वाट पाहावी लागे.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या मध्यास दिल्लीत संगणकीय आरक्षणाला आरंभ झाला, आणि नव्वदच्या दशकाअखेर दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांशी जोडली गेली. गाडीचा हिशेब या पाचांपैकी एका केंद्राच्या ताब्यात ठेवावा आणि देशातल्या कोणत्याही खिडकीने त्या केंद्राला विचारूनच जागा द्यावी, असा या व्यवस्थेचा मूळ संकेत. मुंबई केंद्राकडील गाडीचे तिकीट नाशिकरोडला काढताना खिडकीतला संगणक स्वतःच्या अखत्यारीत काहीच ठरवीत नाही. तो मुंबईला विचारतो आणि मुंबई सांगेल ते छापतो. त्यामुळे एक बर्थ दोघांना दिला जाण्याची धास्ती नसते. मात्र मुंबईशी संपर्क तुटला, तर खिडकीत कारकून हजर, वीज चालू, यंत्र धड, आणि तरीही तिकीट नाही, अशी अवस्था होऊ शकते.

कोट्याच्या वहीने खिडकीला स्वातंत्र्य दिले, पण रिकाम्या जागा वाया घालवल्या; केंद्राच्या संगणकाने जागा वाया जाऊ दिल्या नाहीत, पण खिडकीचे स्वातंत्र्य काढून घेतले. अनेक ठिकाणांहून वापरल्या जाणाऱ्या माहितीची तजवीज करताना काय पदरात पडते आणि त्याचे मोल कोठे चुकवावे लागते, यासंबंधी संगणकशास्त्रात दोन प्रसिद्ध विधाने आहेत. पहिले कॅप प्रमेय आणि दुसरे पॅसेल्क. पहिल्याचा उल्लेख वारंवार होतो, आणि बहुतेक वेळा तो चुकीच्या अर्थाने होतो. दुसरे त्या चुकीवरचा उतारा म्हणून पुढे आले, परंतु त्याच्याकडे पुरेसे लक्ष जात नाही. ही दोन विधाने नेमके काय म्हणतात, आणि त्यांच्या तोंडी न म्हटलेले काय घातले जाते, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रमेय काय म्हणते

बर्कली येथील प्राध्यापक एरिक ब्रूअर यांनी जुलै २००० मध्ये पोर्टलंड येथे भरलेल्या एका परिषदेत हे विधान अनुमान म्हणून मांडले, आणि २००२ मध्ये एमआयटीतील सेथ गिल्बर्ट व नॅन्सी लिंच यांनी ते सिद्ध करून त्याला प्रमेयाची प्रतिष्ठा दिली. कॅप या नावातील तीन अक्षरे कन्सिस्टन्सी, अव्हेलेबिलिटी आणि पार्टिशन टॉलरन्स यांची आहेत. आपण त्यांना अनुक्रमे एकवाक्यता, उत्तरदायित्व आणि विच्छेद-सहिष्णुता म्हणू. परंतु नावापेक्षा व्याख्या महत्त्वाची, कारण बहुतेक गैरसमज व्याख्या न वाचता नावावरून अर्थ काढल्याने झाले आहेत.

एकवाक्यता म्हणजे माहितीच्या प्रती कितीही असल्या तरी बाहेरून पाहणाऱ्याला जणू एकच प्रत आहे आणि तिच्यावरील व्यवहार एकामागून एक घडत आहेत असे दिसणे. म्हणजेच एखादी नोंद पुरी झाल्याची पोच एकदा मिळाली, की त्यानंतर कोणत्याही ठिकाणी केलेल्या पृच्छेला ती नोंद दिसलीच पाहिजे. उत्तरदायित्व म्हणजे जे यंत्र बिघडलेले नाही, त्याच्याकडे आलेल्या प्रत्येक मागणीला त्याने केव्हातरी उत्तर दिलेच पाहिजे. विच्छेद म्हणजे यंत्रायंत्रांतील निरोप वाटेत गहाळ होणे, मग ते कितीही होवोत. प्रमेय इतकेच सांगते की निरोप गहाळ होऊ शकतात अशा जाळ्यात पहिले दोन गुण एकाच वेळी शाश्वत ठेवणारी कोणतीही युक्ती असू शकत नाही.

याची सिद्धता इतकी सरळ आहे की ती आपल्या खिडकीवरच मांडता येते. समजा, एका गाडीची संपूर्ण आरक्षण-वही नाशिकरोडला एक आणि मुंबईला एक अशी दोन ठिकाणी ठेवली. नाशिकने विकलेला बर्थ मुंबईला कळवायचा आणि मुंबईने विकलेला नाशिकला. सकाळी दहा वाजता दोन्ही वह्यांत ३२ क्रमांकाचा बर्थ रिकामा आहे, आणि त्याच क्षणी कसारा घाटात केबल तुटते. सव्वादहाला नाशिकच्या खिडकीवर एक प्रवासी ३२ क्रमांक मागतो, कारकून तो देतो आणि तशी पावती फाडतो. साडेदहाला मुंबईच्या खिडकीवर दुसरा प्रवासी विचारतो, हा बर्थ रिकामा आहे काय?

आता मुंबईच्या कारकुनाच्या जागी क्षणभर बसून पाहावे. त्याच्यापुढे जी वही आहे, ती नाशिकला कोणीच आले नसते तर जशी असती, तशीच आहे. नाशिकहून निरोप आलेला नाही, पण केबल तुटलेली असताना तो येणारही नव्हता. नाशिकला बर्थ विकला गेला ते जग आणि विकला गेला नाही ते जग, या दोन जगांत मुंबईच्या कारकुनाच्या दृष्टीला तिळमात्र फरक नाही. म्हणून दोन्ही जगांत तो एकच उत्तर देणार. दुसऱ्या जगात ‘रिकामा आहे’ हेच खरे उत्तर असल्यामुळे तो तेच देईल, आणि पहिल्या जगात ते खोटे ठरेल. हे टाळायचे, तर दोघांपैकी एकाने केबल जोडली जाईपर्यंत गप्प बसावे लागेल, म्हणजे उत्तरदायित्व सोडावे लागेल. कारकून कितीही हुशार असो, जे त्याला कळूच शकत नाही त्यावर तो निर्णय घेऊ शकत नाही. प्रमेयाचे सर्व बळ या एका गोष्टीत आहे.

तिनांतून दोन निवडण्याचा भ्रम

या प्रमेयाचा जो सारांश विद्यार्थ्यांना घोकून येतो आणि मुलाखतीत विचारला जातो, तो असा, की तीन गुणांपैकी कोणतेही दोन निवडा. त्याबरोबर एक त्रिकोण काढला जातो आणि त्याच्या तीन बाजूंवर बाजारातल्या डेटाबेसांची नावे लिहिली जातात. खुद्द ब्रूअर यांनी २०१२ मध्ये लेख लिहून ही ‘तिनांतून दोन’ची मांडणी दिशाभूल करणारी असल्याचे मान्य केले, तरी त्रिकोण अद्याप पुसला गेलेला नाही.

यातील चूक अशी, की एकवाक्यता आणि उत्तरदायित्व हे आपल्या व्यवस्थेचे गुण आहेत, पण विच्छेद ही परिस्थिती आहे. केबल तुटावी की तुटू नये याची निवड आरक्षण खात्याकडे नसते. रस्ता खोदणारे यंत्र, पावसात खचलेली दरड, चुकीची आज्ञा दिलेला राऊटर यांच्याकडे ती असते. म्हणून ‘आम्ही एकवाक्यता आणि उत्तरदायित्व निवडले, विच्छेद-सहिष्णुता सोडली’ असे जो म्हणतो, त्याने प्रत्यक्षात काहीही निवडलेले नसते. केबल तुटल्यावर काय करावयाचे ते त्याने ठरवलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ होतो. सारी माहिती एकाच यंत्रात असेल आणि ती वापरणाराही त्याच यंत्रावर बसलेला असेल, तर विच्छेदाचा प्रश्नच उद्भवत नाही हे खरे. पण मग प्रमेयही तेथे लागू पडत नाही.

शिवाय विच्छेद म्हणजे केबल तुटणेच असे नाही. नाशिकच्या खिडकीने मुंबईला निरोप पाठवला आणि दहा सेकंद उत्तर आले नाही, तर निरोप पोहोचलाच नाही, की पोहोचून काम झाले आणि पोच गहाळ झाली, की मुंबईचे यंत्र केवळ मंदावले आहे, हे नाशिकला त्या क्षणी ओळखता येत नाही. यूपीआयने पैसे पाठवताना खात्यातून रक्कम वजा झाली आणि समोरच्याला ती मिळाली नाही, हा अनुभव ज्यांनी घेतला आहे, त्यांनी हीच अवस्था पाहिली आहे. ती इतकी नित्याची आहे की रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१९ मध्ये त्यासाठी मुदती ठरवून दिल्या: यूपीआयने एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला पाठवलेली रक्कम पोहोचली नाही, तर ती फार तर दुसऱ्या दिवसापर्यंत परत फिरली पाहिजे, आणि त्यापुढे होणाऱ्या विलंबासाठी बँकेने दिवसाला १०० रुपये भरपाई द्यावी. किती वेळ थांबून ‘आता संपर्क तुटला’ असे समजायचे, हे व्यवस्था बांधणाऱ्यालाच ठरवावे लागते. आणि ज्या क्षणी तो तसे समजतो, त्या क्षणी त्याच्यापुढे प्रमेयातली निवड उभी राहते, मग केबल धड का असेना.

शब्द तेच, अर्थ निराळे

दुसरा गैरसमज शब्दांनी निर्माण केला आहे. डेटाबेसचे शिक्षण घेतलेल्या प्रत्येकाला ‘अ‍ॅसिड’ ही संज्ञा परिचित असते, आणि तिच्यातही एक सी आहे, तोही कन्सिस्टन्सीचाच. परंतु त्या सीचा अर्थ एवढाच, की व्यवहारानंतर आपण घालून दिलेले नियम मोडलेले नसावेत. समजा, एका स्लीपर डब्यात ७२ बर्थ आहेत; तेव्हा त्या डब्यात ७२ हून अधिक बर्थ विकू नयेत, हा असा एक नियम झाला. केबल तुटलेली असताना नाशिक आणि मुंबई या दोघांनी आपापल्या वहीत ७१ बर्थ विकले, तर प्रत्येक वही नियमाला धरूनच आहे, आणि तरीही एकेका बर्थला दोन धनी झालेले असू शकतात. एकेकटी वही निर्दोष असून वह्यांची परस्परांशी रुजवात मात्र पटत नाही. कॅपमधला सी या रुजवातीविषयी बोलतो.

उलट बाजूही तितकीच उद्बोधक आहे. कोट्याच्या जुन्या पद्धतीत नाशिकच्या कारकुनाला गाडीत एकूण किती जागा उरल्या हे ठाऊक नसे, आणि मुंबईच्या कारकुनालाही नसे. तार तुटली तरी दोघेही आपापल्या वहीतून तिकिटे देत राहात. आणि तरीसुद्धा एक बर्थ दोघांना कधीच जात नसे, कारण प्रत्येक बर्थ एकाच वहीत होता. संपूर्ण एकवाक्यता नसतानाही जो नियम खरोखर महत्त्वाचा होता, तो त्या पद्धतीने पाळला. तेव्हा संपर्क तुटल्यावरही उत्तर देत राहणारी व्यवस्था म्हणजे चुकीची माहिती देणारी व्यवस्था, हा सर्रास काढला जाणारा निष्कर्ष प्रमेयातून निघत नाही. प्रमेय एका विशिष्ट आणि अतिशय कडक अर्थाच्या एकवाक्यतेला मनाई करते. त्याहून सौम्य, पण आपल्या कामाला पुरेसे असे नियम पाळण्याला करीत नाही.

उत्तरदायित्वाच्या शब्दाचेही तसेच झाले आहे. व्यवहारात अव्हेलेबिलिटी म्हणजे वर्षातून किती टक्के वेळ सेवा चालू होती, असा हिशेब केला जातो. प्रमेयातल्या गुणाचा या टक्क्यांशी संबंध नाही. तेथे प्रत्येक धड यंत्राने उत्तर दिले पाहिजे अशी कडक अट आहे, पण किती वेळात, याची अटच नाही. वर्षाने आलेले उत्तरही तिथे चालते, आणि शंभर यंत्रांपैकी एकाने नकार दिला तर गुण गेला. गूगलचा स्पॅनर नावाचा डेटाबेस संपर्क तुटल्यावर अल्पमतात सापडलेल्या यंत्रांना गप्प बसवतो, म्हणजे प्रमेयाच्या भाषेत तो उत्तरदायित्व सोडतो. पण कंपनीच्या स्वतःच्या मालकीच्या जाळ्यामुळे विच्छेदच विरळा होतात आणि बहुमताची बाजू चालू राहते, म्हणून तो ९९.९९९ टक्क्यांहून अधिक वेळ उपलब्ध असतो, असे ब्रूअर यांनीच २०१७ मध्ये लिहिले आहे. ९९.९९९ टक्के म्हणजे वर्षाकाठी सुमारे सव्वापाच मिनिटांची बंदी. एकवाक्यता राखली म्हणून सेवा वारंवार बंद पडणारच, ही भीती किती निराधार आहे, ते यावरून दिसून येईल.

एरवीच्या दिवसांचा प्रश्न

परंतु केबल धड असते त्या असंख्य दिवसांचे काय? कॅप प्रमेय त्या दिवसांविषयी चकार शब्द काढत नाही, आणि तरीही अनेक डेटाबेसांनी त्या दिवसांतही एकवाक्यता सोडली आणि कारण म्हणून कॅपकडे बोट दाखवले. येल विद्यापीठातील डॅनियल अबाडी यांनी २०१० मध्ये ही विसंगती दाखवून दिली आणि २०१२ च्या आपल्या लेखात ती विस्ताराने मांडली. त्यांच्या पॅसेल्क या विधानाची अक्षरे दोन भागांत वाचावयाची आहेत: पार्टिशन झाले असता अव्हेलेबिलिटी की कन्सिस्टन्सी, एल्स, म्हणजे एरवी, लेटन्सी की कन्सिस्टन्सी. लेटन्सी म्हणजे उत्तर येईपर्यंत लागणारा विलंब.

हा विलंब कोठून येतो हेही खिडकीवरून पाहता येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. नाशिकहून मुंबईला लोहमार्गाच्या कडेने गेलेली केबल दोनशे किलोमीटर धरली, तर निरोप जाऊन पोच परत यायला निदान दोन सहस्रांश सेकंद लागतात. नाशिक ते कोलकाता हे सरळ रेषेतले अंतरही दीड हजार किलोमीटरांच्या वर आहे, म्हणजे तेथे पंधरा सहस्रांश सेकंद तरी हवेत, आणि मधली यंत्रे व वळणे धरता प्रत्यक्षात त्याहून अधिक. एका प्रश्नाला हे नगण्य वाटेल. परंतु एका पानासाठी वीस प्रश्न एकापाठोपाठ एक विचारावे लागत असतील, तर तीनदशांश सेकंद केवळ प्रवासात जातात, आणि ते कोणतेही यंत्र विकत घेऊन वाचवता येत नाहीत.

म्हणून आपल्या दोन वह्यांच्या व्यवस्थेत नाशिकच्या कारकुनापुढे दररोज, केबल धड असताना, दोन मार्ग असतात. एक असा, की बर्थ वहीत लिहावा, मुंबईला कळवावे, तेथील कारकुनाने आपल्या वहीत लिहून पोच पाठवावी, आणि मगच प्रवाशाच्या हाती तिकीट द्यावे. यात प्रत्येक प्रवाशाला मुंबईच्या फेरीइतके थांबावे लागते. दुसरा असा, की आपल्या वहीत लिहून तिकीट तत्काळ द्यावे आणि मुंबईची चिठ्ठी मागाहून धाडावी. यात रांग भराभर सरकते, पण चिठ्ठी वाटेत असेपर्यंत मुंबईची वही मागे राहते. डेटाबेसच्या परिभाषेत पहिल्याला सिंक्रोनस आणि दुसऱ्याला असिंक्रोनस रेप्लिकेशन म्हणतात. दुसऱ्या मार्गात केबल एकदाही न तुटता मुंबईच्या प्रवाशाला विकला गेलेला बर्थ रिकामा दिसू शकतो, आणि त्याचा दोष कॅप प्रमेयावर ढकलता येत नाही. तो आपण वेगासाठी स्वखुशीने पत्करलेला असतो.

अबाडी यांनी यासाठी याहू कंपनीच्या पीनट्स या व्यवस्थेचे उदाहरण दिले. तिच्यात प्रत्येक नोंदीची एक मुख्य प्रत असे. तिच्याशी संपर्क तुटला की ती नोंद बदलता येत नसे, आणि संपर्क असतानाही जवळच्या प्रतीतून वाचणाऱ्याला जुनी माहिती मिळू शके. कॅपच्या चष्म्यातून पाहिले तर या व्यवस्थेने दोन्ही गुण घालवले, म्हणजे तिचे रचनाकार अडाणी ठरतात. एरवीचा विलंब हिशेबात घेतला, की त्यांनी काय मिळवले ते तत्काळ उमगते. कॅपने ज्याचे स्पष्टीकरण होत नाही, ते पॅसेल्कने होते.

त्रेचाळीस सेकंद

ही दोन विधाने एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, हे २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या प्रोग्रॅम साठवण्याच्या सेवेवर जे ओढवले त्यावरून पाहावे. कारण त्या कंपनीने घडलेली हकीकत नंतर तपशीलवार प्रसिद्ध केली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नादुरुस्त होऊ लागलेले एक प्रकाशीय उपकरण बदलण्याचे नेहमीचे काम चालू असताना तेथील मुख्य डेटा सेंटरचा बाहेरील जाळ्याशी संपर्क तुटला, आणि ४३ सेकंदांनी तो पूर्ववत झाला. सेवा मात्र त्यानंतर २४ तास ११ मिनिटे विस्कळीत राहिली.

घडले ते असे. मायएसक्यूएल डेटाबेसची मुख्य प्रत पूर्व किनाऱ्यावर होती आणि तिच्या नोंदी मागाहून पश्चिम किनाऱ्यावरच्या प्रतींकडे जात. म्हणजे आपला दुसरा मार्ग. संपर्क तुटताच, मुख्य प्रत कोणती हे ठरवणाऱ्या देखरेख-प्रणालीच्या उरलेल्या यंत्रांनी बहुमत जमवले आणि पश्चिमेकडील प्रतीला मुख्य नेमले. हे नेमणुकीचे काम नियमाप्रमाणेच झाले. परंतु पूर्वेकडे काही सेकंदांच्या अशा नोंदी होत्या, की ज्यांच्या चिठ्ठ्या पश्चिमेला पोहोचल्याच नव्हत्या. सर्वांत वर्दळीच्या डेटाबेस-समूहांपैकी एकात अशा ९५४ नोंदी निघाल्या. इकडे पश्चिमेने नव्या नोंदी घ्यायला सुरुवात केली होती, आणि प्रकार ध्यानात येईतो सुमारे चाळीस मिनिटांच्या नोंदी तेथे जमल्या. आता पूर्वेकडे असे काही होते जे पश्चिमेकडे नव्हते, आणि पश्चिमेकडे असे काही होते जे पूर्वेकडे नव्हते. एकाला खरे मानून दुसऱ्यावर बोळा फिरवणे म्हणजे वापरणाऱ्यांचे काम पुसणे होय. शिवाय पूर्वेकडचे प्रोग्रॅम प्रत्येक नोंदीसाठी खंड ओलांडून जाऊ लागल्याने विलंब असह्य झाला. शेवटी कंपनीने सेवा लवकर सुरळीत करण्यापेक्षा नोंदी शाबूत ठेवणे पसंत केले, साठवलेल्या प्रतींवरून डेटाबेस पुन्हा उभे केले, आणि त्या रुजवातीत तो दिवस गेला.

या हकीकतीचा सारांश ‘केबल तुटली म्हणून एकवाक्यता गेली’ एवढाच करणे अपुरे होईल. त्या नोंदी अधांतरी राहिल्या याचे मूळ कारण ४३ सेकंदांत नव्हते. तत्पूर्वीच्या प्रत्येक सुरळीत दिवशी, वेगासाठी, पोच येण्याआधी नोंद पुरी झाल्याचे सांगायचे असा जो शिरस्ता ठेवला होता, त्यात होते. संपर्क तुटल्यावर किती हानी होणार हे संपर्क धड असताना ठरून गेलेले असते. पॅसेल्कमधील दुसऱ्या भागाचा निर्णय पहिल्या भागाची मर्यादा आखतो. डेटाबेस चालवणाऱ्यांनी म्हणूनच मागे राहिलेल्या चिठ्ठ्यांची तफावत, म्हणजे रेप्लिकेशन लॅग, सतत डोळ्यांपुढे ठेवावी लागते: ती पाच सेकंदांची असेल, तर आज संपर्क तुटल्यास पाच सेकंदांच्या नोंदी अधांतरी जातील, असे तिचे सरळ वाचन आहे.

शिक्का कोणावर मारायचा

तिसरा आणि अखेरचा गैरसमज म्हणजे सबंध डेटाबेसवर, किंवा सबंध कंपनीच्या कारभारावर, ‘सीपी’ अथवा ‘एपी’ असा एकच शिक्का मारणे. एकाच आरक्षण व्यवस्थेत गाड्यांचे वेळापत्रक दाखवताना तासाभरापूर्वीची प्रत चालते, रिकाम्या जागांचा अंदाज देताना मिनिटापूर्वीचा आकडा चालतो, आणि बर्थ विकताना मात्र क्षणभराचीही तफावत चालत नाही. निर्णय व्यवहारागणिक निराळा असतो, आणि आजचे बहुतेक डेटाबेस तो व्यवहारागणिक घेण्याची मुभा देतात. कॅसँड्रामध्ये तर प्रत्येक वाचनाच्या व लेखनाच्या वेळी किती प्रतींची पोच आल्यावर काम पुरे समजायचे, ते सांगता येते. अबाडी यांनी पॅसेल्कनुसार केलेली डेटाबेसांची वर्गवारीदेखील त्या त्या डेटाबेसच्या मूळ ठेवणीला लागू आहे. ठेवण बदलली की वर्ग बदलतो.

आणि दोन टोकांच्या मध्येही प्रशस्त जागा आहे. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२२ मध्ये इंटरनेटशिवाय, म्हणजे बँकेशी संपर्क नसताना, करावयाच्या छोट्या भरण्यांची चौकट जाहीर केली, तेव्हा एका भरण्याला २०० रुपये आणि एकूण २,००० रुपये अशी मर्यादा घातली. पुढे या मर्यादा वाढवण्यात आल्या. संपर्काविना उत्तर द्यायचे, तर चूक होऊ शकते हे मान्य करून त्या चुकीचा आकडा आधीच बांधून टाकणे, हा या मर्यादेचा आशय आहे. स्थानकाच्या कोट्यामागेही हीच बुद्धी होती: केंद्राला न विचारता कोठवर जाता येईल, याची हद्द प्रत्येक कारकुनाला अगोदर आखून दिलेली होती. प्रमेयाने त्या कारकुनाला कधी अडवले नाही, कारण त्याने प्रमेय ज्याला अशक्य म्हणते ते मागितलेच नव्हते.

म्हणून वाचकांपैकी जे अशा व्यवस्था बांधतात, किंवा ज्यांना त्या विकत घ्याव्या लागतात, त्यांना एवढेच विनवावेसे वाटते की कोणी आपल्या डेटाबेसविषयी दोन अक्षरी बिरुद सांगू लागला, तर त्याला तीन प्रश्न विचारावेत. कोणत्या नोंदीविषयी आपण बोलत आहोत? संपर्क तुटल्यावर त्या नोंदीच्या बाबतीत कोणत्या बाजूने गप्प बसायचे, आणि कोणीच बसणार नसेल तर नंतरची रुजवात कोण व कशी घालणार? आणि आजच्यासारख्या सुरळीत दिवशी, ‘नोंद झाली’ असे सांगितले जाते तेव्हा ती किती वह्यांत लिहिलेली असते? या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘एका’ असे येत असेल, तर दुसऱ्याचे उत्तर काहीही दिले गेले असले, तरी ती एक वही हरवल्याच्या दिवशी नोंद हरवणार आहे.